‘ही’ काढला, ‘दे’ घातला, मग सही कोणी करायची?

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा ऑफिसातला आहे. तुमच्यापैकी कोणी एचआरमध्ये असेल, किंवा छोट्या कंपनीत अकाउंट्सवाल्यालाच पॉलिसी लिहायला बसवतात तसं तुम्हाला कोणी बसवलं असेल, तर नीट ऐका.

आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांची पॉलिसी इंग्रजीत असते आणि जुन्या पॉलिसीत सगळीकडे ‘ही’ असतो. म्हणजे इंग्रजीतला ‘ही’ बरं का, पुरुषवाचक. एम्प्लॉई म्हटलं की पुढे ही, हिज, हिम. आता वरून मेल येतो की भाषा जेंडर न्यूट्रल करा, मग कोणीतरी फाइल उघडतं, फाइंड अँड रिप्लेस मारतं, ‘ही’च्या जागी ‘दे’, आणि पाच मिनिटांत काम झालं म्हणून चहाला जातं. क्रियापदं तशीच राहतात, ‘दे इज’, ‘दे हॅज’ असलं काहीतरी छापून येतं, पण ते वाचणाऱ्याला लगेच खटकतं त्यामुळे सापडतं तरी. खरी गडबड व्याकरणात बरोबर असलेल्या वाक्यात होते.

एक उदाहरण घेऊ. समजा शिस्तभंगाच्या चौकशीचं कलम आहे. जुनं वाक्य असं, मराठीत सांगतो: एम्प्लॉईने पॅनलच्या मेंबर्सना पाच दिवसांत भेटावं, आणि निघण्याआधी ‘ही’ शॅल साइन द मिनिट्स. मिनिट्स म्हणजे मीटिंगचं टिपण. इथे सही कोणाची? एम्प्लॉईची, शंकाच नाही, कारण मेंबर्स अनेक आहेत आणि ‘ही’ एकवचनी. आता ‘ही’ काढून ‘दे’ घाला. ‘दे’ एकाला पण चालतो आणि अनेकांना पण, मग सही एम्प्लॉईने करायची की मेंबर्सनी, की सगळ्यांनी? म्हणजे तो ‘ही’ नुसतं लिंग दाखवत नव्हता, एक की अनेक हेही दाखवत होता, आणि ते आपण नकळत पुसून टाकलं. उद्या टिपणावर एम्प्लॉईची सही नसली आणि तो म्हणाला मी हे मान्यच केलं नव्हतं, तर कंपनी म्हणणार तुझी सही लागत होती, आणि तो म्हणणार पॉलिसीत असं कुठे लिहिलंय?

उपाय तसा साधा आहे, सर्वनामाचा हट्ट सोडायचा. ‘द एम्प्लॉई शॅल साइन द मिनिट्स बिफोर लीव्हिंग’, बस, नाम परत लिहिलं आणि सर्वनाम लागलंच नाही. तेच तेच नाम आलं तर शाळेतल्या बाईंनी लाल पेन फिरवला असता, पण पॉलिसी म्हणजे निबंध नाही. आणि ‘दे’ला माझा विरोध अजिबात नाही, एकवचनी ‘दे’ इंग्रजीत शेकडो वर्षांपासून चालतो. वाक्यात एकच माणूस असेल तर बिनधास्त वापरा: एम्प्लॉई आजारी असेल तर ‘दे मस्ट कॉल’, इथे दुसरं कोणी नाहीच.

काही लोक पळवाट म्हणून सगळं अनेकवचनी करतात, एम्प्लॉईज आणि त्यांच्या मॅनेजर्सनी फॉर्म भरावा. मग फॉर्म एक की प्रत्येकाचा वेगळा? तिथे ‘ईच एम्प्लॉई’च बरं. दुसरी पळवाट म्हणजे कर्मणी प्रयोग, ‘द मिनिट्स शॅल बी साइन्ड’. सर्वनाम गेलं खरं, पण त्याबरोबर सही करणारा माणूसही गेला!

तपासायचं कसं, तर प्रिंट काढा, प्रत्येक ‘दे’, ‘देअर’, ‘देम’ला गोल करा आणि बाजूला लिहा हा कोण. दोन नावं लिहिता येत असतील तर ते वाक्य बदला. आणि हे पॉलिसी लिहिणाऱ्याने करू नये, त्याला उत्तर आधीच माहीत असतं. ज्याने मसुदा पाहिलेलाच नाही अशा कोणाकडून तरी करून घ्या.

आता एक ठिकाण जिथे हात लावायचाच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच असावी लागते आणि निदान निम्म्या सदस्य स्त्रिया लागतात. न्यूट्रल करायच्या भरात तिथे ‘वुमन’चं ‘पर्सन’ केलं, आणि पुढे कोणीतरी ती पॉलिसी वाचून एखाद्या साहेबांना अध्यक्ष नेमलं, तर समितीच कायद्यात बसणार नाही. कंपनीला पुरुषांच्या किंवा ट्रान्सजेंडर सहकाऱ्यांच्या तक्रारी पण घ्यायच्या असतील तर जरूर घ्याव्यात, त्यासाठी वेगळं कलम लिहा, पण कायद्यातून आलेलं ‘वुमन’ आहे तिथेच राहू द्या. मॅटर्निटी बेनिफिटच्या कलमाचंही तेच, रिप्लेस मारायच्या आधी ही पानं बाजूला काढून ठेवा.