पोटॅशियम 4.1 आलंय, पण H इंडेक्स बघितला का?

नमस्कार मंडळी. माझ्या हातातली ही ट्यूब बघा. वरचं सिरम फिकट पिवळं हवं, इथे मात्र चक्क कोकम सरबत झालंय. म्हणजे लाल पेशी फुटल्यात, हीमोलिसिस.

पण डोळ्यांवर फार विसंबू नका. ॲनालायझर थोडं सिरम सलाइनमध्ये पातळ करतो आणि त्यातून प्रकाश सोडतो. लाली, पिवळेपणा आणि दुधाळपणा वेगवेगळ्या तरंगलांबीला पकडले जातात, आणि स्क्रीनवर तीन आकडे येतात: H, I आणि L. बऱ्याच मशिनवर H 100 म्हणजे एका डेसिलिटरमध्ये अंदाजे 100 मिलिग्रॅम मोकळं हिमोग्लोबिन.

आता एक उदाहरण घेऊ. जुलाबाने बेजार झालेल्या, लघवीची गोळी चालू असलेल्या आजी. पोटॅशियम 4.1, कुठलाही लाल फ्लॅग नाही. पण H आहे 310. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त पोटॅशियम असतं, आणि पेशी फुटली की ते सिरममध्ये सांडतं. दर 100 H मागे ढोबळ 0.3 वाढ धरली, तर इथे जवळपास 0.9 फुकटचं आहे. नवीन सॅम्पल घेतलं, तर पोटॅशियम 3.1! 6 आलं असतं तर सगळे सावध झाले असते. नॉर्मल दिसणाऱ्या आकड्याकडे कोण बघतं?

मग गुणाकार करून 3.2 रिपोर्ट करायचं का? अजिबात नाही. हे प्रमाण सॅम्पलगणिक बदलतं. नवीन सॅम्पल मागवा, आणि सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबून ट्यूब भरली होती का, तेही विचारा. एलडीएच आणि एएसटीसुद्धा असेच पेशीतून सांडून वाढतात. मात्र दुसऱ्यांदा नीट घेतलेलं सॅम्पलही लालच आलं, तर पेशी पेशंटच्या अंगातच फुटत असतील. तेव्हा सॅम्पल नाकारत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

I इंडेक्सचं तसं नाही. कावीळ पेशंटलाच आहे, कितीदाही रक्त घ्या, पिवळंच येणार. पेरॉक्साइडवर रंग आणणाऱ्या टेस्टमध्ये बिलिरुबिन मधल्या मधे ते पेरॉक्साइड खातं, मग एन्झायमॅटिक क्रिएटिनिन, युरिक ॲसिड खोटं कमी येतं. लिव्हरच्या पेशंटचं क्रिएटिनिन खोटं कमी, म्हणजे किडनी ठणठणीत असल्याचा भास! अशा वेळी किटच्या माहितीपत्रकातली I ची मर्यादा बघायची आणि ती ओलांडली असेल तर दुसरी पद्धत वापरायची.

आणि L, म्हणजे दुधासारखं सिरम. ते प्रकाश विखुरतं, म्हणून एएलटीसारख्या 340 नॅनोमीटरवरच्या टेस्ट गडबडतात. वेगवान सेंट्रिफ्यूजने चरबी वर आणा आणि खालचं सिरम लावा. ट्रायग्लिसराइड तेवढं मूळ सॅम्पलवरूनच, नाहीतर जे मोजायचं तेच काढून टाकाल!

सोडियमचा घोळ मात्र प्रकाशाचा नाही. मोठ्या ॲनालायझरवर सिरम आधी पातळ होतं, आणि चरबीने पाण्याची जागा अडवलेली असते. ट्रायग्लिसराइड 5000 असताना सोडियम 131 आलं, तर तेच सॅम्पल ब्लड गॅसच्या मशिनवर लावून बघा. ते पातळ न करता मोजतं, तिथे 138 दिसेल.