नऊ तासांचा प्रबंध, तीन मिनिटांचं घड्याळ

(पडद्यावर: बाथरूमची भिंत, तिला चिकटवलेलं छोटं वाळूचं घड्याळ)

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला मोठा दुष्काळ पडला होता तेव्हाची गोष्ट. पाणी वाचवायचं म्हणून लोक बाथरूममध्ये तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावायचे, वाळू संपली की शॉवर बंद. त्यावरूनच क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत आयडिया निघाली की पीएचडीवाल्यांनाही असंच घड्याळ लावूया, आणि २००८ साली थ्री मिनिट थीसिस ही स्पर्धा सुरू झाली. नियम कडक आहेत, एकच स्लाइड, तीही न हलणारी, हातात कुठली वस्तू नाही, आणि तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद. ८० हजार शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायला नऊ तास लागतील असा त्यांचाच हिशोब आहे, आणि आपण मराठीत नीट श्वास घेत बोललो तर तीन मिनिटांत जेमतेम साडेतीनशे शब्द बसतात.

मग कापायचं काय? एक खराखुरा प्रबंध घेऊनच बघू.

(पडद्यावर: काचेची जुनी प्लेट, तिच्यावर ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा)

साल १९२५. इंग्लंडहून आलेली सेसिलिया पेन हार्वर्डच्या वेधशाळेत अशा प्लेटा बघत बसायची. ताऱ्याचा प्रकाश फाकवला की त्यात काळ्या रेषा दिसतात, आणि कुठली रेषा कुठल्या मूलद्रव्याची हे तेव्हा बरंचसं माहीत होतं. तिच्या प्रबंधात दोन मोठ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे ताऱ्याताऱ्याच्या रेषा वेगळ्या दिसतात त्या मुख्यतः तापमानामुळे, माल वेगळा म्हणून नाही, आणि हे तिनं काढलं ते आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचं समीकरण वापरून, किती तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे सांगणारं. दुसरी म्हणजे या ताऱ्यांमध्ये हायड्रोजन बाकी सगळ्यापेक्षा अफाट जास्त आहे.

इथेच बहुतेक जण घसरतात. दोन्ही ठेवायचा मोह होतो, कारण दोन्हीवर वर्षं घातलेली असतात ना. पण दोन्ही ठेवले की ऐकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. मी असतो तर पहिला शोध काढला नसता, त्याला पायरी केलं असतं, एका वाक्यात. प्रबंधातला १८ मूलद्रव्यांच्या प्रमाणांचा तक्ता मात्र सरळ बाहेर. साहांचं नाव राहील, समीकरण जाईल.

प्रॉब्लेम एकच उरतो: सूर्य कशाचा बनलाय? तेव्हाचे लोक म्हणायचे, साधारण पृथ्वीसारखाच असणार, लोखंडाच्या रेषा किती भरपूर दिसतात बघा.

शोधासाठी एकच रेषा पुरते, तीच स्लाइडवर टाकायची, सूर्याच्या प्रकाशातली लाल भागातली काळी रेषा, हायड्रोजनची. ही रेषा उमटायला हायड्रोजनचा अणू आधीच थोडा चेतवलेला, म्हणजे जास्तीची ऊर्जा घेतलेला असावा लागतो, आणि सूर्याच्या पृष्ठभागावर, जवळपास साडेपाच हजार अंश सेल्सिअसला, असा अणू कोट्यवधींत एखादाच सापडतो. तरी रेषा ठसठशीत! म्हणजे मागे न दिसणारा हायड्रोजन किती असेल विचार करा. तिचं गणित सांगत होतं, धातूंच्या साधारण दहा लाख पट. या एका तर्काला निम्मा वेळ द्यायला मी तयार आहे, कारण प्रबंधाचा जीव इथे आहे, बाकी सगळा पसारा.

आता परिणाम, आणि हे सगळ्यात अवघड. हेन्री नॉरिस रसेल या तेव्हाच्या दिग्गज खगोलशास्त्रज्ञाला हा आकडा अशक्य वाटला, आणि पेननं प्रबंधात लिहून टाकलं की हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही. १९२५ साली ती स्टेजवर उभी राहिली असती तर शेवटी काय म्हणाली असती? ‘सूर्य हायड्रोजनचा आहे’ असं म्हटलं तर टाळ्या मिळतील पण प्रबंध तेवढं म्हणत नाही, आणि सगळ्या शंका सांगत बसलं तर वाळू संपेल. प्रामाणिक वाक्य असं झालं असतं: ‘एकतर तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत, नाहीतर अणूबद्दलचं आपलं काहीतरी चुकतंय.’ शंका पण आली आणि धक्का पण.

(पडद्यावर: घड्याळ, अर्धी वाळू खाली)

जमलं की नाही हे कळायला साधी टेस्ट आहे. विषयातला नसलेला माणूस पकडा, त्याला ऐकवा, आणि दुसऱ्या दिवशी विचारा काय होतं ते. ‘ताऱ्यांबद्दल काहीतरी होतं’ म्हणाला तर त्याला फक्त विषय कळला, परत कापायला बसा. ‘अरे, एक रेषा नको तेवढी ठळक होती म्हणे’ असं म्हणाला तर ठीक आहे.

पुढे १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचला, आणि पेनचं काम त्याच्या आधीचं हे त्यानं लिहिलंही. त्यामुळे तेच भाषण आज केलं तर शेवटच्या वाक्यातलं ‘नाहीतर’ काढून टाकता येतं, आणि तीनेक सेकंद हातात राहतात.