मागे मोकळा ठेवलेला एक माणूस

मित्रहो, कातेनाच्चो ही फुटबॉलमधली इटालियन बचावपद्धत. तिचं नाव काढलं की गोलसमोर गर्दी करून बसलेला संघ डोळ्यांसमोर येतो. मला ते चित्र अपुरं वाटतं. ही पद्धत माणसांच्या हिशेबातून आली आणि हिशेबातच अडकली.

१९३०च्या दशकात जिनिव्हाच्या सर्व्हेत क्लबमध्ये कार्ल रापान प्रशिक्षक होते. त्यांचे खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक नव्हते, दमसासात मोठ्या संघांपुढे ते कमी पडत. रापाननी मधल्या फळीतले बगलेचे दोन हाफ मागे ओढले आणि समोरच्या विंगरवर, म्हणजे बगलेने चढाई करणाऱ्यांवर, ठेवले. त्यामुळे मागचे दोन्ही बचावपटू, म्हणजे फुलबॅक, मध्यभागी आले आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या मागे उभा राहू लागला. याने कुणालाच धरून राहायचं नाही. पुढचा सहकारी चकला, की तिथे धावायचं. याच रचनेने स्वित्झर्लंडने १९३८च्या विश्वचषकात जर्मनीला फेरलढतीत ४-२ हरवलं. किंमत एकच: मैदानाच्या मध्यात एक माणूस कमी.

१९६०च्या दशकात प्रशिक्षक एलेनियो एरेरांच्या इंटर मिलानने, म्हणजे कातेनाच्चोच्या सर्वांत गाजलेल्या संघाने, ही किंमत वेगळ्या तऱ्हेने वसूल केली. रापानच्या त्या मोकळ्या माणसासारखा मागे आर्मांदो पिक्की सावरायला आहे, म्हणून डावा बचावपटू जाचिंतो फाकेत्ती बेधडक वर जायचा. १९६५-६६च्या लीगमध्ये त्याने १० गोल केले. बचावपटूने! हे विसरून इंटरला नुसतं ‘बचावात्मक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता लिस्बन, २५ मे १९६७, युरोपियन कपची अंतिम लढत, समोर स्कॉटलंडचा सेल्टिक. इंटरच्या मात्सोलाने पेनल्टीवर सातव्या मिनिटाला गोल केला आणि इंटर मागे सरला. दुखापतीमुळे इंटरचा मधल्या फळीतला सुआरेझ नव्हता, त्यामुळे जिंकलेला चेंडू पुढे पोचवणारा माणूसच नव्हता. सेल्टिकचे विंगर आत सरकत आणि त्यांना धरणारे बचावपटूही त्यांच्यामागे आत ओढले जात. बगला उघड्या पडल्या. तिथून सेल्टिकचे फुलबॅक क्रेग आणि गेमेल वर येत राहिले. त्यांना धरायचं कुणी? इंटरच्या वाटणीत ते कुणाच्याच वाट्याला नव्हते. पिक्की मोकळा होता खरा, पण तो सगळ्यांच्या मागे, गोलपाशी. शिवाय तो जितका खोल, तितकी ऑफसाइडची रेषा खोल. म्हणजे सेल्टिकला पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी निर्धास्त उभं राहता येत होतं.

६३व्या मिनिटाला उजवीकडून क्रेगने चेंडू मागे सरकवला आणि धावत आलेल्या गेमेलने क्षेत्राच्या कडेवरून जाळ्यात मारला. शेवटी चाल्मर्सने दुसरा गोल केला, २-१. गोलरक्षक सार्तीने इतके फटके अडवले नसते तर फरक मोठा असता.

पुढे वीसेक वर्षांनी, इंटरच्याच मिलान शहरात, प्रशिक्षक साक्कींच्या एसी मिलानने उलटा हिशेब मांडला. त्यांचा बचावपटू फ्रांको बारेसी मागे न राहता चौघांच्या रांगेत उभा राहिला, आणि रांग एकदम पुढे सरकली की मागे राहिलेला आक्रमक आपोआप ऑफसाइड ठरू लागला.