सोमवारची पोटदुखी

श्रोतेहो, नमस्कार. बारावीला किंवा बीएला मानसशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी आजचं बोलणं आहे. विषय तुमच्या पुस्तकातलाच, अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान. पावलॉव्ह यांचा कुत्रा आणि स्किनर यांचा उंदीर तुम्हाला पाठ असतील, म्हणून त्यांच्याकडे मी धावतंच बघणार आहे. मला सांगायची आहे ती माझ्या भाचीची गोष्ट.

आधी दोन वाक्यं कानात साठवून ठेवा. अभिजात अभिसंधानात बघायचं, आधी काय घडलं. साधक अभिसंधानात बघायचं, नंतर काय मिळालं. पुन्हा सांगते. अभिजात म्हणजे आधी काय घडलं, साधक म्हणजे नंतर काय मिळालं.

पावलॉव्ह हे रशियातले शरीरशास्त्रज्ञ. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. अन्न तोंडात पडलं की कुत्र्याला लाळ सुटते, ती कुणी शिकवावी लागत नाही. पण अन्नाच्या आधी दर वेळी ठरावीक आवाज झाला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच लाळ सुटते. यात कुत्र्याने काही केलं नाही, त्याच्या शरीरात ते झालं. स्किनर यांच्या पेटीतला उंदीर मात्र दांडा दाबतो, स्वतः काहीतरी करतो. दाबल्यावर खाऊची गोळी पडते, म्हणून तो पुन्हा दाबतो. वागणूक वाढवणाऱ्या त्या परिणामाला म्हणायचं प्रबलन.

आता भाची. खरं नाव सांगत नाही, आपण तिला ठमी म्हणू. माझ्या बहिणीची मुलगी, साताऱ्यात पाचवीला होती. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी नऊला दप्तर भरायची वेळ झाली की बेंबीजवळ हात धरून बसायची. बहीण आधी डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि ते अगदी बरोबर केलं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये. पोट दुखतंय म्हटल्यावर पहिली पायरी दवाखाना, आपली वही त्यानंतर. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग माझा फोन वाजला.

मी बहिणीला म्हटलं, "शंभर पानी वही घे आणि तीन रकाने आख. आधी काय झालं, ठमीने काय केलं, नंतर काय झालं. दोन आठवडे लिही, आणि तोवर काही बदलू नकोस." तिने मनापासून लिहिलं. बारा शाळेचे दिवस झाले. त्यांतल्या सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पहिला तास गणिताचा, म्हणजे असे सहा दिवस. सहापैकी पाच दिवस पोट दुखलं. सहावा दिवस एका शुक्रवारचा. गणिताचे सर रजेवर आहेत हे आदल्या दिवशीच वर्गात कळलं होतं, आणि ठमी दोन पोळ्या खाऊन शाळेत गेली! उरलेल्या सहा दिवसांत एकदाच दुखलं, गणिताचे पेपर परत मिळणार होते त्या गुरुवारी.

सगळे म्हणाले, नाटक करते. नाही हो! मला याची फार चीड आहे. मुलांच्या दुखण्याला नाटक म्हणणं हा मोठ्यांचा आळस आहे. ठमीचं पोट खरंच आवळून यायचं, घाम यायचा, हात गार पडायचे. ठरवून कुणाला हात गार पाडता येतील का?

हे आवळणं आलं कुठून? सर वर्ग गप्प करायला लाकडी डस्टर टेबलावर आपटत. ठमीचा बाक पहिला, म्हणजे आवाज कानाच्या अगदी जवळ. १९२० साली वॉटसन आणि रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग आठवा. बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचे. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसता उंदीर बघूनच रडायला लागलं. (असा प्रयोग आज कुणाला करू देणार नाहीत, आणि देऊही नये.) ठमीच्या वर्गात डस्टरचा आवाज हा अनभिसंधित उद्दीपक, दचकणं ही अनभिसंधित प्रतिक्रिया. आणि गणिताचं पुस्तक म्हणजे अल्बर्टचा पांढरा उंदीर, अभिसंधित उद्दीपक. ते दप्तरात सरकवताना पोट आवळायचं. आधी काय घडलं? डस्टर. हे झालं अभिजात.

आता तिसरा रकाना, नंतर काय मिळालं. पोट दुखतंय म्हटलं की आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, ओवा भाजून द्यायच्या, गरम पाण्याची पिशवी आणायच्या, टीव्ही लावून मांडीवर डोकं घ्यायच्या. शाळा बुडायची. अकराच्या सुमारास दुखणं थांबायचं. इथे दोन प्रबलनं एकदम मिळाली. आजीची मांडी आणि टीव्ही हे धन प्रबलन, कारण हवंसं काहीतरी मिळालं. गणिताचा तास टळला हे ऋण प्रबलन, कारण नकोसं काहीतरी गेलं.

इथे जरा थांबते, कारण दर वर्षी उत्तरपत्रिकांत हेच चुकतं. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. प्रबलन धन असो की ऋण, वागणूक वाढतेच. शिक्षेने वागणूक कमी होते. एकेका मुलाला रोज वर्गाबाहेर उभं करतात. बाहेर त्याला तास टळल्याचं सुख मिळत असेल आणि त्याचा खोडकरपणा वाढत असेल, तर शिक्षक तिला शिक्षा म्हणोत, मानसशास्त्र तिला ऋण प्रबलन म्हणेल. वाढलं की कमी झालं, एवढंच मोजा आणि मग नाव द्या.

घरी आम्ही ठरवलं की दुखलं तर ओवा द्यायचा, पण टीव्ही नाही, मांडी नाही, आणि शाळेत जायचं. प्रबलन थांबवलं की वागणूक विझत जाते, त्याला विलोपन म्हणतात. पण विझण्याआधी ती बरेचदा भडकते. पहिल्या सोमवारी ठमी रडली. बुधवारी जास्त रडली. शुक्रवारी तिला उलटी झाली, आणि आजींचं काळीज हललं. त्यांनी दप्तर काढून ठेवलं. पुढच्या आठवड्यात रडणं आठला सुरू झालं.

आजींना दोष देऊ नका. नातीचं रडणं थांबलं हे त्यांचं ऋण प्रबलन होतं. पण झालं असं, की दोनदा नाही आणि एकदा हो. याला म्हणतात आंशिक प्रबलन, आणि त्याने सवय जास्त चिवट होते. स्किनर यांना हे गोळ्या संपत आल्यामुळे सापडलं. उंदरांच्या खाऊच्या गोळ्या ते स्वतः बनवत. एका शनिवारी साठा पुरणार नाही असं दिसलं, म्हणून दर वेळी गोळी देण्याऐवजी त्यांनी मिनिटाला एकच द्यायची ठरवलं. उंदीर दाबत राहिले. अशी सवय लागलेले उंदीर गोळ्या पूर्ण बंद झाल्यावरही लवकर दांडा सोडत नाहीत. कधीतरीच मिळणाऱ्या गोळीने ही चिकाटी येते.

आणि चूक माझीही होती. मी फक्त तिसरा रकाना बदलायला सांगितला होता, पहिला तसाच ठेवला होता. वर्गात डस्टर रोज आपटत होतं. आवाज येतच राहिला तर पुस्तकाची भीती विझणार कशी? पुन्हा सांगते, ऐका. मूळ त्रास चालू असताना मुलाला नुसतं तिथे ढकललं, तर भीती आणखी पक्की होते.

बहीण सरांना भेटली. वही दाखवली. सर बराच वेळ ती चाळत बसले. मग म्हणाले, "ताई, साठ पोरं आहेत. आपटलं की लगेच शांत होतात." बघा, सरांचंही अभिसंधान झालेलं! आपटलं, गोंगाट गेला, म्हणून पुन्हा आपटलं. वर्ग दोन मिनिटांत पुन्हा बोलायला लागायचा, आणि हात पुन्हा डस्टरकडे जायचा. सरांनी ते बंद केलं. त्याऐवजी फळ्याच्या कोपऱ्यात तोंडी गणित लिहायचं आणि शांत बसलेल्या रांगेला आधी उत्तर विचारायचं असं सुरू केलं. ठमीला तिसऱ्या बाकावर बसवलं. माझं मत विचाराल तर लाकडी डस्टर शाळांतून जायलाच हवं, कापडी फडकं फळा तेवढाच पुसतं.

उरलं पुस्तक. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली, तेव्हा त्यांनी पीटरला त्याच्या आवडीचं खायला दिलं आणि पिंजरा खोलीत लांब ठेवला. मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. आम्ही तेच थालीपिठावर केलं. आजी थालीपीठ लावताना बोटाने मधे पाच भोकं पाडतात, ठमीला ती मोजायला आवडायची. पहिले दोन दिवस पुस्तक फडताळात, दार उघडं. मग ओट्याच्या टोकाला. मग ताटाजवळ, मिटलेलं. ठमीचा घास थांबला की पुस्तक आदल्या जागी परत जायचं, ही आमची खूण. नवव्या दिवशी लोण्याचं बोट पानावर उमटलं, आणि आजी भोकं दाखवून विचारत होत्या, "तीन थालीपिठांना किती गं?"

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दोन आठवड्यांत पोट एकदाच दुखलं. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी पुन्हा दुखलं. बहिणीचा फोन आला, आवाज रडवेला. मी म्हटलं, हे पावलॉव्ह यांनी लिहून ठेवलंय. विझलेली प्रतिक्रिया मध्ये काही काळ गेला की परत डोकं काढते, उत्स्फूर्त पुनःप्राप्ती. ती पहिल्याइतकी जोरदार नसते, आणि जुनं प्रबलन मिळालं नाही तर लवकर मावळते. आजींनी फोन हातातून घेतला आणि म्हणाल्या, "ओवा दिलाय, डबा भरलाय, आणि मी तिला सोडायला निघालेय."

नमस्कार, श्रोतेहो.