पायाला बांधलेली रिबीन

श्रोतेहो, नमस्कार. तुमची सगळ्यात जुनी आठवण कोणती? डोळे मिटून शोधलीत तर बहुतेकांची गाडी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाशी येऊन थांबते. त्याआधीचं काही सापडलंच, तर त्यात आपण स्वतःला बाहेरून पाहतोय का, ते तपासा. मी कित्येक वर्षं एक आठवण दोन वर्षांची असतानाची म्हणून सांगत होतो. मग लक्षात आलं, तिच्यात मला माझाच चेहरा दिसतो. ती आठवण अल्बममधल्या फोटोची होती.

याला शैशव-विस्मृती म्हणतात. गंमत अशी, की चालणं, बोलणं, माणसं ओळखणं हे सगळं आपण त्याच काळात शिकतो आणि ते टिकतं. हरवतात ते प्रसंग: कुठे, केव्हा, काय घडलं ते.

पूर्वी समजूत होती, की तान्ह्या बाळाच्या डोक्यात आठवण तयारच होत नाही. ती खोडून काढली कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी, आणि त्याची सुरुवात झाली घरातच. हाताशी काम होतं आणि बाळ रडत होतं. त्यांनी पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला रिबीन बांधली आणि तिचं दुसरं टोक बाळाच्या घोट्याला. पाय झाडला की खेळणं हलायचं. बाळाला युक्ती कळली, आईला उसंत मिळाली.

पुढे याचाच त्यांनी रीतसर प्रयोग केला. आधी रिबीन खेळण्याला न जोडता बाळ एरवी मिनिटाला किती वेळा पाय झाडतं, ते मोजायचं. मग रिबीन जोडून शिकू द्यायचं. काही दिवसांनी तेच खेळणं दाखवायचं, पण रिबीन मोकळी ठेवायची. खेळणं हलत नसतानाही बाळ नेहमीपेक्षा बरंच जास्त पाय झाडू लागलं, तर त्याला आठवतंय. बोलता न येणाऱ्याची साक्ष घ्यायची ही पद्धत मला अजून थक्क करते. तीन महिन्यांच्या बाळाला युक्ती साधारण आठवडाभर आठवते, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. आणि विसरलेल्या बाळालाही आदल्या दिवशी ते हलतं खेळणं नुसतं तीन मिनिटं दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा चालू! म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती, तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

बोलू लागलेल्या मुलांचंही असंच आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांबद्दल गप्पा मारल्या आणि काही वर्षांनी तेच प्रसंग पुन्हा विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातले साठ टक्क्यांहून अधिक आठवत होते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या आठवणी असतात. त्या निसटतात पुढे, शाळेत जाऊ लागल्यावर.

का निसटतात? एक कारण भाषेचं. शब्द येण्याआधी साठवलेलं नंतर शब्दांत मांडणं जड जातं. पण उंदरांना कुठे भाषा असते? तरीही उंदराची पिल्लं लहानपणीचं विसरतात. टोरोंटोच्या शीना जॉसलिन आणि पॉल फ्रँकलंड यांनी याच 2014 साली दुसरं कारण पुढे ठेवलं. प्रसंग नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, बालपणी नव्या पेशी झपाट्याने जन्मतात. त्या जुन्या जाळ्यात घुसून स्वतःच्या जोडण्या करतात आणि आधीची वीण बदलते. औषधाने हा वेग कमी केल्यावर पिल्लांचं विसरणं कमी झालं. उलट, काही शिकलेल्या मोठ्या उंदरांना पळायचं चाक दिलं, पळण्याने नव्या पेशी वाढल्या, आणि ते शिकलेलं विसरू लागले. गिनीपिगची पिल्लं बऱ्यापैकी तयार मेंदू घेऊनच जन्मतात, त्यांच्यात नव्या पेशी कमी, आणि त्यांना लहानपणीचं आठवतंही.

2018 मध्ये याच प्रयोगशाळेने आणखी एक पाऊल टाकलं. पिल्लू घाबरायला शिकत असताना ज्या पेशी जाग्या होत्या, त्यांच्यावर खूण करून ठेवली. उंदीर मोठा झाला, सगळं विसरला. मग त्याच पेशींवर प्रकाश टाकून त्या जाग्या केल्या, आणि उंदीर भीतीने जागच्या जागी गोठला.

माणसाच्या डोक्यात असा दिवा लावून पाहता येत नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत हे कितपत लागू पडतं, ते ठामपणे म्हणता येणार नाही. पण रिबिनीवाल्या बाळाला तीन मिनिटांच्या खेळण्याने जे झालं, ते त्या उंदराच्या गोष्टीशी फारच जुळतं. माझ्या फोटोच्या मागे खरी आठवण कुठेतरी पडलेली असेल का, याची मला आता जास्त उत्सुकता आहे. नमस्कार.