शेवटचं नाव आडनाव नसतं

(एका ग्रंथालयाच्या सभागृहातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कागदपत्रांतली अरबी नावं कशी वाचायची, हे आज तासाभरात सांगायचं ठरलं आहे. मी अरबी कागदांचं भाषांतर करतो. त्यातले बरेचसे कागद मुंबईला उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांचे असतात. म्हणून आधी एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावं बदलली आहेत, पण त्यांची गुंफण जशीच्या तशी ठेवली आहे, कारण सगळा घोळ त्या गुंफणीतच झाला.

ओमानहून तिघं आले होते. रुग्ण वडील, वय अठ्ठावन्न. त्यांचं नाव नासिर बिन सईद बिन हमद, आणि त्यापुढे कुळाचं नाव. मूत्रपिंड बदलायचं होतं. दाता म्हणून तपासणीसाठी मुलगा आला होता, सईद बिन नासिर बिन सईद. आता हे नीट ऐका. वडील नासिर, आजोबा सईद आणि नातू पुन्हा सईद. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, त्यामुळे तुम्हाला यात नवल वाटणार नाही. तिसरी आई, मौजा बिन्त खलफान बिन सालिम.

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर संगणकात तीन चौकटी होत्या: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. खिडकीवरच्या मुलीने कुळाचं नाव लांबलचक म्हणून गाळलं, ‘बिन’ही गाळलं आणि उरलेलं तीन चौकटींत भरलं. वडील झाले ‘नासिर सईद हमद’, मुलगा झाला ‘सईद नासिर सईद’. म्हणजे वडिलांचं आडनाव हमद आणि मुलाचं सईद. बापलेकांची आडनावं वेगळी. दुसऱ्या दिवशी रक्ताचे अहवाल आले तेव्हा ‘सईद’ शोधल्यावर दोघंही सापडत होते, एक मधल्या चौकटीत आणि एक शेवटच्या. वडिलांचा अहवाल मुलाच्या फायलीत गेला. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन एकतीस वर्षांच्या धडधाकट मुलाचं एवढं कसं, म्हणून डॉक्टरांनी कागद पुन्हा मागवला आणि त्यावरचं वय पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. वय छापलेलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आणि आईचं तर वेगळंच. नातं सिद्ध करायचे कागद तपासताना मला विचारण्यात आलं, की यांच्या नावात नवऱ्याचं नाव कुठेच नाही, मग या पत्नी कशा? विचारणारे गृहस्थ भले होते, कामात चोख होते. त्यांच्या डोक्यात आपली रीत पक्की होती. आपल्याकडे लग्न झालं की बाईच्या नावात मधे वडिलांच्या जागी नवरा येतो आणि आडनावही बदलतं. अरबी रीतीत बाई जन्मभर आपल्या बापाची ‘बिन्त’, म्हणजे मुलगी, म्हणूनच लिहिली जाते. लग्नाने तिचं नाव बदलत नाही. मौजाबाईंच्या नावात नासिर दिसले असते, तरच खरं तर शंका घ्यायला हवी होती, कारण मग ती नासिरची मुलगी ठरली असती. विवाहाचा दाखला वेगळा जोडून हे समजावण्यात दोन दिवस गेले. दोन दिवस हा आजारी माणूस हॉटेलच्या खोलीत बसून होता.

(इथे संयोजकांनी अर्धा वेळ संपल्याची चिठ्ठी दिली.)

हो, येतोच मुद्द्यावर. पण आधी एवढं पटवून घ्या, की चूक कुणाच्या आळसामुळे झाली नाही. ‘शेवटी आडनाव असतं’ या गृहीतकामुळे झाली. पारंपरिक अरबी नाव ही साखळी असते. पहिली कडी माणसाचं स्वतःचं नाव, इस्म. मग ‘बिन’, म्हणजे मुलगा, आणि वडील. पुन्हा ‘बिन’ आणि आजोबा. या ओळीला नसब म्हणतात. साखळी कुठे थांबवायची हे लिहिणारा ठरवतो, म्हणून एकाच माणसाचं नाव एका कागदावर दोन पिढ्यांचं आणि दुसऱ्यावर चार पिढ्यांचं असू शकतं. दोन्ही बरोबरच. इजिप्तच्या किंवा इराकच्या आजच्या कागदांत ‘बिन’ बहुधा नसतंच, नुसती तीन-चार नावं ओळीने येतात. तिथे ‘बिन’ मनातल्या मनात घालून वाचायचं. दोन कागदांवरचा माणूस एकच आहे का, हे पाहायचं तर शेवटची नावं जुळवू नका. पहिल्या नावापासून एकेक कडी जुळवत जा. छोटी साखळी मोठीत सुरुवातीपासून बसली, तर पुढच्या कड्या कमी असल्याने काही बिघडत नाही. मधे कडी तुटली, तर मात्र थांबून जन्मतारीख पाहा.

या बाबतीत मराठी माणसाला एक सोय जन्मजात आहे. शिवाजी शहाजी भोसले या नावात दुसरा शब्द वडिलांचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तीच नजर तिसऱ्या-चौथ्या शब्दापर्यंत न्यायची.

आता एक नाव पुरतं उलगडू या, इब्न खल्दूनचं. इतिहासाचा हा थोर अभ्यासक 1332 मध्ये ट्यूनिसला जन्मला. आत्मचरित्रात तो स्वतःची साखळी देतो: अब्दुर्रहमान बिन मुहम्मद बिन मुहम्मद बिन मुहम्मद बिन अल-हसन बिन मुहम्मद बिन जाबिर बिन मुहम्मद बिन इब्राहीम बिन अब्दुर्रहमान बिन खल्दून. त्याच्या मागे दहा पूर्वज. सुरुवातीला लागोपाठ तीन मुहम्मद आहेत. नक्कल करणाऱ्याने चुकून दोनदा जास्त लिहिलं असं समजून ते गाळायचे नाहीत. वडील, आजोबा, पणजोबा अशी ती खरी तीन माणसं आहेत.

मला सर्वांत आवडतं ते तो पुढे काय म्हणतो ते. तो म्हणतो, मला दहाच नावं आठवतात, पण पूर्वज याहून जास्त असावेत आणि जवळजवळ तेवढीच नावं गळली असावीत. का? मूळ पुरुष खल्दून अरबांनी स्पेन जिंकला त्या वेळी तिथे आला असं धरलं, तर मधे सातशे वर्षं गेली. शंभर वर्षांत तीन पिढ्या धरल्या तर वीसेक पिढ्या हव्यात. स्वतःच्याच वंशावळीची अशी झडती तो घेतो. हाच हिशेब तुम्हीही कुठल्याही लांब साखळीला लावा. वर्षं आणि पिढ्या जुळल्या नाहीत, तर मधली नावं गळलेली आहेत. बहुधा प्रसिद्ध पूर्वज राहतात आणि साधे गळतात. मग ‘इब्न’चा, म्हणजे ‘बिन’च्याच पूर्ण रूपाचा, अर्थ ‘मुलगा’ न राहता ‘वंशज’ होतो. इब्न खल्दून म्हणजे खल्दूनचा मुलगा नव्हेच, तो त्या घराण्यातला. तसंच प्रसिद्ध वैद्य इब्न सीनाचं. त्याच्या वडिलांचं नाव अब्दुल्ला. सीना चार पिढ्यांमागचा पूर्वज.

अरबी लिपीत याची एक खूणही आहे. मुलगा आणि सख्खा बाप यांच्या मधे ‘इब्न’ आला, की नियमाने त्याचा पहिला अलिफ गळतो आणि नुसते बे आणि नून उरतात. म्हणून आपण ‘बिन’ वाचतो. नंतरचं नाव सख्ख्या बापाचं नसेल, तर अलिफ राहतो. येशूला कुराणात मरियमचा पुत्र म्हटलं आहे, तिथे अलिफ आहे, कारण मरियम आई आहे. पण ‘इब्न’ ओळीच्या सुरुवातीला आला तर अलिफ परत लिहितात, आणि जुन्या हस्तलिखितांत लेखक हा नियम नेहमी पाळत नाहीत. तेव्हा खूण पाहा, पण एकट्या खुणेवर निकाल देऊ नका.

(दहा मिनिटांची चिठ्ठी.)

बरं, उरलेलं भराभर. साखळीच्या आधी ‘अबू’ आला तर ती कुन्या, म्हणजे अमक्याचा बाप. आदराने हाक मारायची रीत. बहुधा थोरल्या मुलाच्या नावावरून, पण मूल नसलेल्यालाही कुन्या असते, त्यामुळे तेवढ्यावरून वारस शोधायला जाऊ नका. ‘इब्न’नंतर व्याकरणामुळे ‘अबू’चा ‘अबी’ होतो. अबू तालिबचा मुलगा अली हा ‘अली बिन अबी तालिब’. अबू तालिब आणि अबी तालिब अशा दोन माणसांची नोंद करू नका.

शेवटी ‘अल-’ आणि ईकारान्त शब्द आला तर ती निस्बा: गाव, टोळी, कधी धंदा. बाईच्या नावात ती ‘-इय्या’ होते. निस्बा म्हणजे जन्मगाव असं समजू नका. इब्न खल्दून ‘अल-हद्रमी’ही आहे आणि ‘अल-इश्बीली’ही. म्हणजे घराणं मूळचं दक्षिण अरबस्तानातल्या हद्रमौतचं, मग पिढ्यानपिढ्या स्पेनमधल्या सेव्हिलचं. जन्म मात्र ट्यूनिसचा. आणि आखाती घराण्यांच्या नावातलं ‘आल’ वेगळं. ‘आल सऊद’ म्हणजे सऊदचं घराणं. ‘अल’ हे नुसतं नामाआधीचं उपपद. रोमन लिपीत दोन्ही सहसा सारखीच दिसतात. देवनागरीत आपल्याला काना आहे, तो वापरा.

‘अब्दुल’ हे नाव नाही. ‘अब्द’ म्हणजे दास आणि ‘उल’ पुढच्या शब्दाचं उपपद. अब्दुर्रहमान हे एकच नाव, त्याला दोन चौकटींत तोडायचं नाही.

शेवटचं, आपल्या घरचं. अल-मसऊदी हा प्रवासी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास, सैमूरला, आपल्या चौलला होता. तिथल्या मुसलमानांच्या प्रमुखाचं नाव तो देतो: अबू सईद मारूफ बिन झकरिया. आता तुम्हीच वाचा. हाक मारायचं नाव कुठलं? (सभागृहातून: अबू सईद.) स्वतःचं? (मारूफ.) वडील? (झकरिया.) अगदी बरोबर.

आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, शके 848 मध्ये, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाणचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी भेटतो. संस्कृत लिहिणाऱ्याने त्याच्या ‘मुहम्मद’चं ‘मधुमती’ केलं आहे. पुढे वडिलांचं नावही कोरलं आहे, ‘सहियारहार’. अभ्यासक ते शहरयार असं वाचतात. चौलचा आणि संजाणचा असे हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायचे होते, पण वेळ संपला. प्रश्न असतील तर खाली चहाजवळ विचारा, ताम्रपटाच्या वाचनाची प्रत मी सोबत आणली आहे.