आग लागल्यावर 101 किंवा 112 ला फोन लावला... पुढे नेमकं काय बोलायचं?

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. इमारतीच्या तळमजल्यावरची मीटरची पेटी पेटलीय. जिन्यात काळा धूर भरतोय. तुम्ही फोन लावलात, समोरून आवाज आला, "बोला, अग्निशमन दल." आता तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघणार?

बहुतेक वेळा निघतं ते असं: "अहो, लवकर या, आमच्या बिल्डिंगमध्ये मोठी आग लागलीय!" आणि फोन कट. हे बोलणारा माणूस घाबरलेला असतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या वाक्यात गाडी कुठे पाठवायची हेच नाही. म्हणून आज ही एकच आग घेऊ, मीटर पेटीची, आणि तिच्यासाठी करायचा फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. मीटरचीच का, तर ती आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये वारंवार लागते, आणि पेटी बहुधा जिन्याखालीच असते. म्हणजे आग खाली आणि धूर थेट सगळ्यांच्या बाहेर पडायच्या वाटेत.

आधी नंबर. 101 हा अग्निशमन दलाचा. 112 हा पोलीस, आग, रुग्णवाहिका अशा सगळ्या आणीबाणीसाठीचा एकच नंबर. दोन्ही चालतात. एक लागला नाही तर दुसरा लावा, वाट बघत बसू नका. आणि वॉचमनने केलाच असेल असं धरून चालू नका. तोही हेच धरून चालला असेल.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोन उचलणारा माणूस तुमच्या गल्लीत राहत नाही. महाराष्ट्रात 112 चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथे बसलेल्या व्यक्तीला कोथरूडची डहाणूकर कॉलनी माहीत असेलच असं नाही, सांगलीचा गावभाग तर दूरच. मोबाईलवरून 101 लावला, तरी तुम्ही दोन शहरांच्या हद्दीवर असाल तर फोन शेजारच्या शहरात लागू शकतो. तुमच्या मोबाईलचं ठिकाण त्यांना आपोआप दिसेल यावरही विसंबू नका. टॉवरवरून काढलेला अंदाज पुष्कळ अंतराने चुकू शकतो, आणि तो कितीही बरोबर आला तरी तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात हे सांगत नाही.

म्हणून पहिलं वाक्य पत्त्याचं. शहर, मग भाग, मग रस्ता किंवा गल्ली, मग इमारत, मग मजला. मोठ्याकडून छोट्याकडे. आगीचं वर्णन नंतर.

असं का, तर फोन कधीही तुटू शकतो. नुसतं "मोठी आग" एवढं बोलून तुटला, तर समोरच्याच्या हातात काहीच नाही. "पुणे, कोथरूड, डहाणूकर कॉलनी, अमुक नंबरची लेन, साईकृपा सोसायटी, बी विंग, आग" एवढं बोलून तुटला, तरी गाडी निघू शकते.

[स्क्रीनवर: शहर – भाग – रस्ता, गल्ली – इमारत, विंग – मजला – जवळची खूण]

आपल्याकडे पत्त्याच्या दोन-तीन अडचणी हमखास येतात. पहिली, सारखी नावं. शिवाजीनगर पुण्यात आहे, मुंबईत गोवंडीलाही आहे, आणि आणखी कितीतरी शहरांत आहे. साईकृपा, गणेशकृपा, मातोश्री या नावाच्या इमारती तर एकाच उपनगरात चार-चार सापडतील. म्हणून नुसतं इमारतीचं नाव म्हणजे पत्ता नव्हे. दुसरी, मुंबई, ठाणे, डोंबिवलीत राहणाऱ्यांसाठी: पूर्व की पश्चिम, हे न विचारता सांगा. रुळांच्या चुकीच्या बाजूला गेलेल्या बंबाला पुलावरून किंवा भुयारी मार्गाने फिरून यावं लागतं, आणि त्यात जी मिनिटं जातात ती नंतर भरून निघत नाहीत.

तिसरी अडचण खुणेची. "आमच्या वाण्याच्या दुकानासमोर" ही खूण तुमच्या घरच्यांसाठी ठीक आहे. बंबाच्या चालकाला मोठी आणि हलणार नाही अशी खूण लागते: महापालिकेची शाळा, पाण्याची टाकी, देऊळ, चौकातला पुतळा, पेट्रोल पंप. आणि खुणेपासून पुढे कसं यायचं तेही सांगा. "कर्वे पुतळ्याकडून डहाणूकर कॉलनीत शिरा, आमची लेन देवळाला लागून आहे." हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड आणि तुमची दिशा सांगा, म्हणजे मुंबईकडे जाणारी बाजू की पुण्याकडे. मेट्रोखालच्या रस्त्यावर खांबांवर नंबर रंगवलेले असतात, तो वाचून सांगा. आणि आग लांबून दिसतेय, जागा माहीत नाही, तर अंदाजाने पत्ता देऊ नका. तुम्ही स्वतः कुठे उभे आहात आणि धूर कोणत्या हाताला दिसतोय ते सांगा. एकाच आगीसाठी वेगवेगळ्या रस्त्यांवरून फोन येतात, तेव्हा ही आग एकच आहे की दोन, हे नियंत्रण कक्षाला अशा माहितीवरूनच कळतं.

आता आपल्या मीटर पेटीकडे. चांगला फोन कसा होतो ते ऐका.

"बोला, अग्निशमन दल."

"पुणे, कोथरूड, डहाणूकर कॉलनी, साईकृपा सोसायटी, बी विंग. तळमजल्यावर मीटर बॉक्सला आग लागलीय."

"कोणती लेन? जवळ काय आहे?"

ते सांगून झालं की पुढचा प्रश्न येतो: "इमारत किती मजली? कोणी अडकलंय का?"

"सात मजली. जिन्यात धूर आहे. चौथ्या मजल्यावर आजी-आजोबा आहेत, त्यांना उतरता येत नाही. त्यांची गॅलरी रस्त्याच्या बाजूला आहे."

बघा, या उत्तरात किती कामाचं आहे. मीटर म्हटल्यावर त्यांना कळतं की वीज चालू आहे, पुरवठा तोडल्याशिवाय पाणी मारता येणार नाही, म्हणजे वीज कंपनीलाही कळवायला हवं. सात मजले आणि चौथ्यावर माणसं म्हटल्यावर शिडीची गाडी पाठवायची का, हा निर्णय होतो. गॅलरी रस्त्याच्या बाजूला म्हटल्यावर शिडी कुठे लागेल ते समजतं. "भयंकर आग आहे हो" यातून यातलं काहीच कळत नसतं. म्हणून काय जळतंय ते नावानिशी सांगा: मीटर, गॅस सिलिंडर, पार्किंगमधली इलेक्ट्रिक स्कूटर, भंगाराचं गोदाम, रसायनाचे पिंप. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. चुकीच्या माहितीपेक्षा ते बरं.

एक प्रश्न तुम्हाला कदाचित विचारला जाणार नाही, पण तुम्ही आपणहून सांगा: गाडी आत येईल का? गल्लीत गणपतीचा मांडव आहे, दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यात, केबलच्या वायरी खाली लोंबतायत, पुढचं गेट बंद असतं आणि मागचं उघडं. हे आधी कळलं तर चालक दुसऱ्या बाजूने येतो. नाहीतर एवढी मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकते आणि मागे घ्यावी लागते.

आता लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. "हे प्रश्न विचारत बसतात, गाडी कधी पाठवणार?" पत्ता मिळाल्यावर आगीची वर्दी जवळच्या अग्निशमन केंद्राकडे जाते आणि जवान निघायच्या तयारीला लागतात. तुम्ही मजले सांगत असता तेव्हा तिकडे हालचाल सुरू झालेली असते. तुमची पुढची उत्तरं गाडीला वाटेत सांगता येतात. म्हणजे लाइनवर थांबल्याने उशीर होत नाही. उलट तुम्ही फोन ठेवलात आणि पत्त्यात काही खटकलं, तर ते तुम्हाला परत फोन करणार, आणि तेव्हा तुम्ही मावशीला नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावून बसलेले असाल. लाइन बिझी.

म्हणून फोन आपण ठेवायचा नाही. ते "ठेवा" म्हणतील तेव्हाच ठेवायचा, किंवा सरळ विचारायचं, "ठेवू का?" ठेवल्यावरही तो नंबर मोकळा ठेवा, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला. बॅटरी संपत आली असेल तर तसं सांगा आणि शेजाऱ्याचा नंबर द्या. नातेवाइकांना कळवायचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून होऊ द्या.

लाइनवर थांबण्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. परिस्थिती बदलते. आपल्या उदाहरणात समजा तुम्ही स्वतःच पाचव्या मजल्यावर आहात. दार उघडलं, तर बाहेर धूर. पहिली इच्छा होते पळत खाली जायची. पण खाली आग आहे, आणि धुरात दोन-तीन मजले उतरताना माणूस गुदमरून पडू शकतो. अशा वेळी आत थांबा. दार बंद करा, फटीत ओली चादर कोंबा, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत किंवा गॅलरीत या. लिफ्ट अजिबात नको. आणि लाइनवरच्या माणसाला सांगा: "आम्ही पाचव्या मजल्यावर चौघं आहोत, रस्त्याकडच्या खिडकीत, आतल्या खोलीत धूर यायला लागलाय." ही माहिती खाली पोचलेल्या जवानांना मिळाली, तर ते सगळी दारं ठोठावत बसत नाहीत, थेट तुमच्याकडे येतात.

याला अपवाद एकच. आग तुमच्याच घरात असेल आणि बाहेरची वाट मोकळी असेल, तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, मागे दार ओढून घ्या आणि फोन बाहेरून करा. कपाटातले कागद, दागिने, काही नको. आणि गॅसचा वास येत असेल पण आग नसेल, तर घरात फोनही वापरू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. बाहेर जाऊन बोला. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा वेगळा नंबर आहे.

एक काम आजच करून ठेवा. कागदावर घरचा पूर्ण पत्ता लिहा, आपण मघाशी बघितला त्याच क्रमाने, खुणेसकट, आणि फ्रिजवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पिनकोड आठवत नाही. आणि घरात त्या वेळी कामाला येणाऱ्या ताई असतील, गावाहून आलेले काका असतील, दहा वर्षांची मुलगी असेल. त्यांना तो कागद नुसता वाचून दाखवता आला पाहिजे. मुलांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, फोन न लावता.

फोन चालू असतानाच एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा. रात्र असेल तर हातात टॉर्च द्या. सायरन ऐकू आला की त्याने हात करायचा आणि गाडीला आत आणायचं. आणि जवान उतरल्यावर सगळ्यांनी एकदम ओरडायचं नाही. एकाने पुढे होऊन सांगायचं: मीटर कुठे आहे, कोण कुठल्या मजल्यावर अडकलंय, पाण्याच्या टाकीचा पंप कुठून चालू होतो.

गाडी यायच्या आधीच आग विझली तर? पुन्हा फोन करा आणि विझली असं सांगा, पण "येऊ नका" म्हणू नका. मीटरच्या आगीत वायरी भिंतीच्या डक्टमधून वर गेलेल्या असतात. खालची ज्वाळा गेली तरी वर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आत धुमसत राहू शकते. ते जवानांना येऊन तपासू द्या, आणि तोवर मेन स्विच कुणालाही चालू करू देऊ नका.